गाडीला कळू न देता

आमच्या दुकानात स्कूटरची एक छोटी बॅटरी होती. तिला दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला दोन चिमटे. दुकानात तिचं नाव टेकू. ती विकायची नव्हती, उसनी द्यायची नव्हती, आणि नानांशिवाय कुणी तिला हात लावायचा नव्हता. नाना म्हणजे माझे सासरे. गाडीची बॅटरी बदलताना ते आधी हा टेकू जोडायचे, मग जुनी बॅटरी काढायचे, नवी बसवायचे आणि शेवटी टेकू सोडवायचे. मधल्या वेळात गाडीला वीज मिळत राहायची. त्यामुळे गाडीचं घड्याळ चुकायचं नाही, टेपवर लावलेली स्टेशनं पुसली जायची नाहीत. गिऱ्हाईक आत बसून गाणं ऐकत असेल तर गाणंही थांबायचं नाही.

नानांचा सगळा अभिमान तिथे होता. ते म्हणायचे, बॅटरी अशी बदलावी की गाडीला कळू नये.

मी या घरात आले तेव्हा हे मला जादूसारखं वाटलं होतं. पुढे मी दुकानात बसायला लागले, आणि रोज पाहिलेल्या जादूचं होतं तेच तिचंही झालं. दुकान नाशिकमध्ये, द्वारका चौकाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावर. समोरून दिवसभर ट्रक जातात आणि काउंटरची काच सतत थरथरत असते. आमच्या घरात गप्पा मारायला बसायची पद्धत नाही, कामाला बसायची आहे. नवरा बाहेरचं बघतो, म्हणजे ट्रॅक्टरवाले, इन्व्हर्टरवाले, देवळा-सटाण्याकडचे दुकानदार. आतलं मी बघते. नाना दोन्हीकडे लक्ष ठेवतात आणि दोघांनाही सांगतात की चुकतंय.

मग त्या नव्या गाड्या यायला लागल्या. सिग्नलला थांबलं की यांचं इंजिन आपलं आपण बंद पडतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू होतं. पेट्रोल-डिझेल वाचावं म्हणून ही सोय. पण दिवसातून इतक्यांदा इंजिन उठवायचं म्हणजे बॅटरी दणकट लागते, आणि गाडीला तिच्यावर सारखं लक्षही ठेवावं लागतं. त्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर काड्यापेटीएवढा सेन्सर असतो. किती वीज आत गेली, किती बाहेर आली, बॅटरी किती तापली, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो. बॅटरी जशी वापरली जाईल तसं तिचं वय गाडी मनाशी धरत जाते. वय झालं असं वाटलं की तिला सांभाळून घेते. चार्जिंग बदलते, सिग्नलला इंजिन बंद करणं सोडून देते, उभ्या गाडीत गाणी लावली तर ती लवकर तोडते.

अशा गाडीत नवी बॅटरी बसवली की गाडीला ते सांगावं लागतं. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावायचा आणि नोंद करायची की बॅटरी बदलली, अमुक प्रकारची आहे, अमुक ताकदीची आहे. गाडी त्या वेळचा किलोमीटरचा आकडा लिहून घेते आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडते. ही नोंद नाही केली तर नव्या बॅटरीलाही ती म्हातारीच समजत राहते.

स्कॅनर मी आणला आणि शिकलेही मीच. नवऱ्याला वेळ नव्हता. नानांनी तो एकदा हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि परत दिला.

"बॅटरी वजनाला कळते, हाताला कळते," ते म्हणाले. "गाडीशी तिची सोयरीक जुळवायची काय गरज?"

मी वाद घातला नाही. कामाच्या वेळी वाद घालायची मला सवय नाही, आणि तशा गाड्या तेव्हा माझ्याच हातून जात होत्या.

त्या वर्षी पावसाळ्यात नानांची पाठ धरली. ट्रकची बॅटरी एकट्याने उचलायला गेले आणि आठ दिवस अंथरुणावर पडून राहिले. तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, नानांनी आता घरी बसायचं. तो वाईट बोलला नाही. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, की त्यांच्या हातच्या कामाची एक जरी तक्रार आली तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानात यायचं नाही. नाना भाकरी मोडत होते, ती मोडत राहिले. "आली तर सांग," एवढंच म्हणाले. त्यांच्या हातची तक्रार कधी आलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांना ती अट सोपी वाटली असावी. मला ती सोपी वाटली नाही. घरी बसलेल्या माणसांचं काय होतं ते मी माहेरी पाहिलेलं आहे.

दिवाळीनंतर भाचीच्या लग्नाची पैठणी आणायला मी येवल्याला गेले. दिवस तिथेच गेला. संध्याकाळी परत आले तर नाना खुशीत होते. त्यांचे मखमलाबादचे मित्र येऊन गेले होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. फुलांची शेती, आता गुलाबाचं पॉलिहाऊस. त्यांच्या पहिल्या ट्रॅक्टरची बॅटरीही नानांनीच बसवली होती. काकांनी पुण्याहून एक जुनी जर्मन गाडी घेतली होती, तिची बॅटरी गेली होती. नानांनी ती बदलून दिली.

मी विचारलं, टेकू लावला होता का. लावला होता. बॅटरी डिकीत आहे हे त्यांनी शोधून काढलं होतं, टेकू पुढे बॉनेटखालच्या टोकांना लावला होता, आणि घड्याळ एक मिनिटही हललं नव्हतं. मग मी विचारलं, कोणती बॅटरी दिली. बॅटरी बरोबर होती, तशा गाडीला लागते तीच, जुनीच्याच ताकदीची. मग स्कॅनर लावला का, हे मात्र मी विचारलं नाही. पैठणीचा पदर मी घरच्यांना उलगडून दाखवत होते, आणि त्या रंगात ते राहून गेलं.

महिन्याभराने काकांचा फोन आला. मी उचलला. बॅटरीचा दिवा लागतो, उभ्या गाडीत पाच मिनिटं गाणं लावलं की बंद होतं, सिग्नलला इंजिन बंद व्हायला हवं ते एकदाही झालेलं नाही. एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले की नानांना फोन द्यायची गरज नाही, फक्त निरोप द्या.

"त्याला म्हणा, पडून राहिलेला माल मित्राला द्यायचा नसतो."

नाना माझ्यासमोरच बसले होते. काकांचा आवाज मोठा, सगळं त्यांना ऐकू गेलं. मी फोन ठेवला. नाना काउंटरवरची धूळ पुसू लागले. तिथे धूळ नव्हती.

नवरा चार दिवस मालेगावकडे गेला होता. येईपर्यंत आमच्याकडे वेळ होता, पण कशासाठी हे आम्ही दोघंही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेस्टर, स्कॅनर आणि चार्जर गाडीत टाकले. नाना टेकू मांडीवर घेऊन शेजारी बसले. तो कशाला घेतलाय हे मी विचारलं नाही.

थंडीचे दिवस होते. गंगापूर रोड ओलांडून पलीकडे गेलं की नाशिकचा आवाज कमी कमी होत जातो, आणि मग एका वळणावर तो नाहीसाच होतो. दहा वाजले तरी धुकं शेतावरून उठलेलं नव्हतं. काकांचं पॉलिहाऊस लांबून दिसलं ते जमिनीवर उतरलेल्या ढगासारखं. पांढरं, कडा नसलेलं, आतून थोडंसं उजेडलेलं. मला अशी उपमा सहसा सुचत नाही. पण त्या दिवशी सगळंच तसं होतं, आणि दिसलं ते लिहायला हवं.

काका पडवीत उभे होते. नानांना बघून त्यांनी हात वर केला नाही.

"या," ते मला म्हणाले. "याला कशाला आनलं? याचं काम झालंय."

"माल बघायला आलोय," नाना म्हणाले.

"माल गाडीच सांगती की. दिवा लावून सांगती. तुझ्यापरीस गाडी खरं बोलती."

नानांनी टेकू जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसले. मला वाटतं त्यांना दुसरीकडे बसायचं नव्हतं.

मी डिकी उघडली. खालची फळी उचलली. मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत नीट बसवलेल्या बॅटऱ्यांपैकी ती एक होती. पट्टी घट्ट, वाफ बाहेर नेणारी नळी जागच्या जागी, सेन्सरला ओरखडासुद्धा नाही. टेस्टर लावला. बॅटरी उत्तम होती, वरच्या छापावरून काही महिन्यांपूर्वीच बनलेली. काकांना मी आकडा दाखवला. ते म्हणाले की यंत्र तुमचंच, आकडाही तुमचाच. बोलणं चुकीचं नव्हतं.

मग मी पुढे बसून स्कॅनर लावला. चावी लावून ठेवली की बॅटरी उतरते, म्हणून आधी चार्जर जोडला. गाडीने जपून ठेवलेल्या नोंदी उघडल्या. बॅटरी आतापर्यंत कधी कधी बदलली, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, असं एक पान असतं. ते पान कोरं होतं. एकही बदल नाही.

मला त्या पानाकडे बघत राहावंसं वाटलं. नानांनी काढलेली जुनी बॅटरी मी दुकानात पाहिली होती, अजून भंगारात गेली नव्हती. तिच्यावरचा तारखेचा छाप गाडीपेक्षा चांगला चार वर्षांनी अलीकडचा होता. म्हणजे पुण्यातही कुणीतरी आधी एकदा बॅटरी बदलली होती आणि गाडीला सांगितलं नव्हतं. गाडीच्या लेखी अजून कारखान्यातून निघालेली पहिलीच बॅटरी चालू होती. दोन बॅटऱ्या येऊन गेल्या, आणि ती एकीच्याच म्हातारपणाची काळजी वाहत बसली होती. दिवा लावत होती, गाणं तोडत होती, सिग्नलला इंजिन बंद करायला घाबरत होती.

मी दोघांनाही जवळ बोलावलं आणि पान दाखवलं. काकांना समजावून सांगितलं. बॅटरी नवी आहे, गाडी खोटं बोलत नाही, पण तिला माहीतच नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. आधीही नाही, आताही नाही.

काकांनी ते कोरं पान वाकून बघितलं. मग नानांकडे वळले.

"एवढी मोठी बॅटरी बदलली आन् तिला पत्ता नाय?"

"नाही," नाना म्हणाले. "मी कळूच दिलं नाही."

हे ते ज्या सुरात म्हणाले, त्यात अभिमान होता की आणखी काही हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. आयुष्यभर जे नीट केलं तेच इथे नडलं होतं, आणि त्यांनी तसूभरही वाईट काम केलं नव्हतं. टेकू न लावता बदलली असती तरीही सांगावं लागलंच असतं, असं मी म्हणाले. ते खरंही आहे. त्यांनी ऐकलं नाही.

स्कॅनरवर मी बॅटरी बदलल्याची नोंद निवडली. प्रकार तोच, ताकद तीच. खात्रीचा प्रश्न आला. मी बोट खाली नेलं आणि थांबले. नाना दाराला टेकून आत वाकले होते.

"नाना, तुम्ही दाबा."

"मला नको."

"तुम्ही बसवलीय. तुम्हीच सांगा तिला."

त्यांनी बोट पँटला पुसलं आणि दाबलं. स्क्रीनवर एक गोल फिरला. मग त्या कोऱ्या पानावर त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा उमटला. त्यापलीकडे काही झालं नाही. आवाज नाही, दिवा नाही. नाना अजून वाकलेलेच होते.

"कळलं तिला?"

"कळलं."

"मग दिवा?"

दिवा गेला होता. पण सिग्नलला इंजिन लगेच बंद होईल असं नाही, हे मी काकांना सांगितलं. नोंद झाली तरी गाडीला बॅटरीची खरी भेट व्हायची बाकी असते. त्यासाठी गाडीला काही तास झोपू द्यावं लागतं. कुलूप लावायचं, कुणी दार उघडायचं नाही, काही चालू करायचं नाही. आतली सगळी यंत्रं एकेक करून विझतात, बॅटरीतून जवळजवळ काहीच वीज जात नाही, आणि त्या शांततेत सेन्सर बॅटरीचा खरा अंदाज घेतो.

"झोपली की वळख पटती," काका म्हणाले. "नवीन सुनंसारखं."

"सुनेला झोपू कुठे देतात," मी म्हणाले. काकू आतून हसल्या.

गाडी पडवीशेजारी होती. डिकीचं झाकण उघडं ठेवून तिच्या कुलपात मी स्क्रूड्रायव्हरने खटका फिरवला, म्हणजे झाकण लागलंय असं गाडीला वाटावं. बॅटरीच्या वायरीवर करंट मोजणारा चिमटा लावला, गाडीला कुलूप घातलं आणि चावी काकूंकडे दिली. आम्ही बसून वाट बघू लागलो.

गाडी झोपायला मागेना. आकडा खाली यायचा, खाली यायचा, थोडासा राहायचा आणि पुन्हा वर उडायचा. गाडीच्या आत कुठेतरी बारीक टिकटिक व्हायची, आरशातला दिवा लागून जायचा. मी पुन्हा एकदा सगळं तपासलं. काका माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत तो फोनवरचा पडून राहिलेला माल परत आला होता.

गाडी का झोपत नाही ते नानांनाच दिसलं. ते टेकूवर बसल्या बसल्या गाडीकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते. काकू पडवीत गुलाबांची प्रतवारी करत होत्या. दांडी मोजायची, वीस फुलांची जुडी बांधायची, उठायचं, पाण्याच्या बादलीत ठेवायची, परत यायचं. बादल्या गाडीला लागून होत्या. प्रत्येक वेळी त्या बादलीपाशी गेल्या की गाडी जागी व्हायची.

"वहिनी," नाना म्हणाले, "चावी कुठंय?"

काकूंनी कमरेला हात लावला. कपाटाच्या, कोठीच्या, पंपघराच्या चाव्यांबरोबर त्यांनी ती गाडीची चावीही कनवटीला खोवली होती. घरातली कुठलीही चावी त्या कनवटीलाच ठेवतात, लग्न झाल्यापासून. ही चावी दाराला लावावी लागत नाही, नुसती जवळ आली तरी गाडी ओळखते आणि उठून बसते. महिनाभर ती अशी दिवसभर अर्धवट जागी होत होती. तेवढ्यानेच तो दिवा लागला नसता, पण तिला झोप मिळत नव्हती हेही खरं.

काकू म्हणाल्या, "अगं बाई, मी तिला राखत होते."

चावी मी आत नेऊन लांबच्या खोलीत ठेवली. मग आम्ही सगळेच पडवीतून उठलो. उगाच पायरव नको म्हणून काका आम्हाला पॉलिहाऊसमध्ये घेऊन गेले.

तिथला उजेड मला अजून आठवतो. वर पांढरं प्लॅस्टिक, त्यातून गाळून आलेलं ऊन, सावली कुणाचीच पडत नव्हती. ओळीच्या ओळी गुलाब. प्रत्येक कळीवर जाळीची छोटी पांढरी टोपी. कळी लवकर उमलू नये, मोठी व्हावी म्हणून ती घालतात. शेकडो टोप्या घातलेल्या कळ्या एकाच दिशेने किंचित झुकलेल्या, रात्रीच्या एखाद्या वसतिगृहात शिरल्यासारखं वाटत होतं. ठिबकचं पाणी मुळाशी पडत होतं, त्याचा आवाज यायचा आणि ऐकायला थांबलं की नाहीसा व्हायचा. काका आणि नाना दोन ओळींमधल्या वाटेवर उकिडवे बसले. आधी पाठीविषयी बोलले, मग पाण्याविषयी, मग कशाविषयी ते मला कळलं नाही, कारण मी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले होते आणि मला डुलकी लागली. दुपारी झोपायची मला सवय नाही. त्या दिवशी झोपले.

झोपेत मी दुकानात होते आणि काच थरथरत नव्हती. बाहेर सगळे ट्रक उभे होते, इंजिनं बंद, आणि नाना एकेकाजवळ जाऊन त्याला हळूच काहीतरी सांगत होते. काय, ते ऐकू येत नव्हतं. मी ऐकायला पुढे जात होते आणि काउंटर लांब लांब होत होता. जागी झाले तेव्हा नानांचा आवाज खरंच येत होता.

"पोरगा म्हणतो, घरी बसा. एक तक्रार आली की घरी. तुझी आली."

एका कळीवरची टोपी सरकली होती, ती काकांनी नीट बसवली.

"मला सांगायचं व्हतं," ते म्हणाले मग.

"काय?"

"हेच. मंग म्या तक्रार केली नसती."

"दिवा तर लागला असता ना," नाना म्हणाले. "मग केली तेच बरं केलंस."

मी डोळे मिटूनच ठेवले. तिथे माझं काही काम नव्हतं.

ऊन कललं तेव्हा मी एकटीच गाडीपाशी गेले. चिमट्यावरचा आकडा काही मिलिअँपिअरवर येऊन स्थिर झाला होता. गाडीत एकही दिवा नव्हता. पडवीतल्या बादल्यांमध्ये गुलाब उभे होते आणि सगळं इतकं गप्प होतं, की मी चिमटासुद्धा आवाज न करता काढला. चावी आणून कुलूप उघडलं, डिकीचा खटका मोकळा केला आणि मगच झाकण लावलं. तो आधी मोकळा न करता झाकण आपटणारी माणसं मी पाहिली आहेत.

काका म्हणाले, आपण शहरात जाऊन बघू. तेच चालवायला बसले, नाना शेजारी, मी मागे. पहिल्या सिग्नलला इंजिन चालूच राहिलं. दुसऱ्या सिग्नलला आम्ही हिरव्यातून निघून गेलो. गंगापूर रोडवर संध्याकाळची गर्दी होती, रिक्षा, दुचाक्या, क्लासला निघालेली मुलं. तिथल्या मोठ्या सिग्नलला गाडी थांबली, काकांनी ब्रेक दाबून धरला, आणि इंजिन बंद झालं.

बाहेर एवढा गोंगाट असताना आत शांतता पसरली. नानांचा हात सवयीने पुढे गेला, डॅशबोर्डपाशी थांबला. गाडी रस्त्यात बंद पडणं म्हणजे नानांसाठी आयुष्यभर एकच गोष्ट होती, पळत जायचं. त्यांनी हात मागे घेतला. आणि मग ते हसू लागले, आवाज न करता, खांदे हलवत.

काका त्यांच्याकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्सं बंद पडलेल्या चालू करीत आला, आन् आज चालू गाडी बंद पडली तर हसतोय."

सिग्नल सुटला. काकांनी पाय उचलला, इंजिन उठलं आणि आम्ही पुढे गेलो.

नवरा मालेगावहून आल्यावर नानांनी त्याला स्वतःच सांगितलं की तक्रार आली होती. कुणाची, का, सगळं सांगितलं. मी तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकलं. नवरा म्हणाला, मग उद्यापासून घरी. नाना बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या सुमारास काका आले, गुलाबाची एक जुडी काउंटरवर टाकली, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले की त्यांच्या मेव्हण्यालाही तशीच गाडी आहे, बॅटरी बदलायचीय, पण नाना असतील तरच. नाहीतर तो नाशिक रोडच्या दुसऱ्या दुकानात जाईल. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी गुलाबांना पाणी घालायला भांडं शोधत होते. गिऱ्हाईक घालवायचं नाही हे त्याला मी शिकवलेलं नाही, ते त्याला नानांनीच शिकवलंय.

नाना येतात. जड बॅटरी आता उचलत नाहीत, ते कारागीर करतात. टेकू मात्र तेच जोडतात, अजूनही, आणि ते योग्यच आहे, नव्या गाड्यांमध्ये तर काचांची आणि स्टिअरिंगची स्मृतीही त्यामुळे टिकते. मग स्कॅनर मी लावते आणि शेवटचं बटण ते दाबतात. दाबताना बोट पँटला पुसतात.

जागा असली तर गिऱ्हाईकाची गाडी आम्ही दुकानामागच्या कडुनिंबाखाली लावून ठेवतो, दोन-तीन तास. चावी काउंटरच्या लांबच्या टोकाला, पत्र्याच्या डब्यात. नाना गाडीपासून थोड्या अंतरावर स्टूल टाकून बसतात. कुणी पाण्याची बाटली घ्यायला, कुणी मोबाइल विसरला म्हणून दार उघडायला जातं, तर ते उठत नाहीत, नुसता हात वर करतात. दुपारी कधी मी मागे डोकावते. कडुनिंबाची बारीक पानं टपावर पडलेली असतात, गाडी झोपलेली असते, आणि बऱ्याचदा नानाही.